सल्ला हवा: पॅकहाऊसच्या पावत्यांचं एकच मोठं टेबल कसं फोडावं? (पिंपळगाव बसवंत)

पॅकहाऊस_पिंपळगाव
नमस्कार. आमचं छोटं द्राक्ष पॅकहाऊस आहे. दोन वर्षं एक्सेलमध्ये होतं ते जसंच्या तसं मायएसक्यूएलच्या एका टेबलात टाकलंय. एका ओळीत पावती नंबर, तारीख, शेतकरी कोड, नाव, मोबाइल, खाते नंबर, गाव, तालुका, वाण कोड, वाणाचं नाव, कॅरेट, वजन आणि दर. एका पावतीत दोन वाण आले की दोन ओळी.

मागच्या हंगामात दोनदा मार खाल्ला. ११७ कोडच्या शेतकऱ्याने मार्चमध्ये खातं बदललं. त्याच्या ४१ ओळी होत्या. आमच्या मुलाने नावावर फिल्टर लावून खातं बदललं, पण तीन ओळींत नावाचं स्पेलिंग वेगळं होतं, त्या राहिल्या. पेमेंटच्या यादीने नेमकी त्यातलीच ओळ उचलली आणि १ लाख ८६ हजार जुन्या खात्यात गेले. त्या खात्यावर कर्ज होतं, बँकेने वळते करून घेतले. शेतकरी आमच्या ऑफिसात येऊन बसला, त्याचं चुकलं नव्हतं.

दुसरं, २०३ कोडचा माणूस एकदाच माल घेऊन आला. माल परत गेला म्हणून पावतीची ओळ डिलीट केली. त्याच्याबरोबर मोबाइल, खातं सगळं गेलं.

माल सुरू व्हायला महिना आहे. बजेट २० हजार, त्यातच बसवायचंय.

सातपूर_सॉफ्ट
आम्ही अशा कामाला क्लाउड सर्व्हर, मोबाइल ॲप आणि बारकोड देतो. एका मोठ्या पार्टीला दोन लाखांत करून दिलं, आज ते खूश आहेत. २० हजारांत नुसतं डिझाइनसुद्धा होत नाही. नंबर पाठवा.

कांदा_आडत_लासलगाव
भाऊ, आमच्या आडतीतही हेच. हमाली, तोलाई, वाराई सगळं एकाच शीटमध्ये. मी तर सांगेन तयार अकाउंटिंग पॅकेज घ्या आणि मोकळे व्हा. हमालीचा दर बदलला की मात्र तिथेही हाताने बदलावा लागतो, त्याला इलाज नाही. तुमच्याकडे कॅरेटमागे हमाली किती घेतात?

एमसीए_नाशिकरोड
सोपं आहे. प्रत्येक ओळीला ऑटो इन्क्रिमेंटचा `id` लावा आणि तोच प्रायमरी की करा. की एकाच कॉलमची झाली की कीच्या अर्ध्या भागावर अवलंबून असण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणजे सेकंड नॉर्मल फॉर्म आपोआप. परीक्षेत आम्ही हेच लिहिलं होतं.

जुना_डीबीए_गंगापूररोड
एमसीए, पावती आणि वाण मिळून ओळ वेगळी ठरत नसेल, `id` हीच एकमेव की असेल, तर तुमचं म्हणणं खरं. पण त्याने ११७ चं खातं एकाच जागी आलं का? ४१ ओळींत ते ४१ वेळा आहेच. आधी तारीख पावती नंबरावर, म्हणजे कीच्या तुकड्यावर अवलंबून होती. आता `id` वरून पावती नंबर कळतो आणि पावती नंबरावरून तारीख. तो दोष थर्ड नॉर्मल फॉर्मच्या खात्यात गेला एवढंच. खात्याचं तर आणखी लांब: ओळीवरून पावती, पावतीवरून शेतकरी, शेतकऱ्यावरून खातं. हा मधला दुवा तोडल्याशिवाय पैसे पुन्हा चुकीकडे जातील.

पॅकहाऊसवाले, आधी एक सांगा. एकाच पावतीत एकाच वाणाच्या दोन ओळी येतात का?

पॅकहाऊस_पिंपळगाव
येतात साहेब. थॉम्पसनचाच माल, पण मणी मोठा तो वेगळ्या दराने आणि बारीक तो वेगळ्या. प्रत कोणती हे आम्ही कुठे लिहीत नाही, दरावरूनच ओळखतो.

जुना_डीबीए_गंगापूररोड
मग प्रतीचा कॉलम घ्या, किंवा पावतीतल्या ओळींना १, २, ३ असा ओळ क्रमांक द्या. मी ओळ क्रमांक घेईन.

आता कागद घ्या आणि प्रत्येक कॉलमला विचारा: तुला ठरवतं कोण? तारीख आणि शेतकरी कोड पावती नंबराने ठरतात, ते पावतीच्या टेबलात. नाव, मोबाइल, खातं शेतकरी कोडाने ठरतात, ते शेतकऱ्याच्या टेबलात. वाणाचं नाव वाण कोडाने. पावती नंबर आणि ओळ क्रमांक मिळून जे ठरतं ते पावतीच्या ओळीत: वाण कोड, कॅरेट, वजन, दर. ११७ चं खातं आता एका ओळीत एकदाच. २०३ ची पावती पुसली तरी माणूस शेतकऱ्याच्या टेबलात राहतो.

जुना डेटा हलवण्याआधी हे चालवा:

```sql
SELECT shetkari_code
FROM pavti_sheet
GROUP BY shetkari_code
HAVING COUNT(DISTINCT khate_no) > 1;
```

जेवढे कोड येतील तेवढ्यांची खाती पासबुक पाहून ठरवा. रिकामी खाती `NULL` असतील तर या मोजणीत धरली जात नाहीत, ती वेगळी बघा.

मनीषा_दिंडोरी
दर वाणाच्या टेबलात का नको? थॉम्पसनचा दर सगळ्यांना सारखाच ना? आमच्या कृषी सेवा केंद्रात औषधाची किंमत औषधाच्या टेबलातच आहे.

जुना_डीबीए_गंगापूररोड
ताई, तुमच्या टेबलात आजची किंमत आहे. जुनं बिल पुन्हा छापलं आणि त्याने तिथूनच किंमत घेतली तर मागच्या वर्षीच्या बिलावर आजचा भाव येईल. द्राक्षाचा दर दिवसाला, प्रतीला, माणसाला बदलतो. तो त्या व्यवहारात ठरलेला आकडा आहे, वाणाचा गुण नाही. तोच न्याय खात्याला: पैसे कोणत्या खात्यात गेले हे पेमेंटच्या नोंदीत वेगळं लिहा. शेतकऱ्याच्या टेबलात फक्त चालू खातं.

मनीषा_दिंडोरी
बाप रे. तरीच मागच्या वर्षीची बिलं जुळत नाहीत. आजच बघते.

सातपूर_सॉफ्ट
इतकी टेबलं केली की जॉइन लावून लावून स्लो होतं. आम्ही एकच टेबल ठेवतो.

जुना_डीबीए_गंगापूररोड
हंगामाच्या काही हजार पावत्या. कीवर इंडेक्स असेल तर साध्या कॉम्प्युटरलाही ते जाणवत नाही.

एमसीए_नाशिकरोड
गावावरून तालुका ठरतो, म्हणजे गावाचंही टेबल काढायला हवं. नाहीतर थर्ड नॉर्मल फॉर्म पूर्ण होत नाही.

कांदा_आडत_लासलगाव
नावावरून नाही ठरत हो. पिंपळगाव बसवंत निफाडात, पिंपळगाव बहुला नाशकात. आमच्याकडे दोघंही नुसतं पिंपळगावच लिहितात. एकदा गाडी सातपूरला गेली.

जुना_डीबीए_गंगापूररोड
आडतवाल्यांचं बरोबर आहे. नावाला नाही, गावाला कोड द्या, मग कोडावरून तालुका ठरेल.

पॅकहाऊस_पिंपळगाव
सगळ्यांचे आभार. काल ती क्वेरी चालवली, नऊ कोड निघाले. सात जणांना फोन करून खाती पक्की केली, दोघांचे फोन लागले नाहीत, त्यांचं पेमेंट थांबवलंय. चार टेबलं करतोय, पेमेंटचं पाचवं. भाचा के. के. वाघला शिकतो, तो बसून करणार आहे. २० हजारांतून फक्त बॅकअपची हार्ड डिस्क घेतली.

गावाचं टेबल मात्र करत नाही. गाव आणि तालुका शेतकऱ्याच्या टेबलातच ठेवतोय. तालुका आम्ही फक्त पावतीवर छापतो, त्यावर पैशाचा हिशोब नाही.

जुना_डीबीए_गंगापूररोड
मी असतो तर केलं असतं. उद्या तालुकावार वजनाचा रिपोर्ट मागितला की एकाच गावाचे दोन तालुके निघतील.

पॅकहाऊस_पिंपळगाव
मागितला की तेव्हा काढू साहेब. आत्ता छाटणी झालीय, माल डोक्यावर आहे.

कांदा_आडत_लासलगाव
हमालीचं कोणी सांगितलंच नाही.