मदत हवी आहे: इन्व्हर्सचं सूत्रच सापडत नाही, मग त्याचं इंटिग्रेशन कसं करायचं?

मोहोर
मुलगी बारावीला आहे. सीईटीच्या सराव संचातला एक प्रश्न आम्हा दोघींनाही सुटत नाहीये.

f(x) = x³ + x, आणि g हे f चं इन्व्हर्स. तर y = 2 पासून y = 10 पर्यंत ∫ g(y) dy किती?

मागे उत्तर छापलंय 51/4, रीत दिलेली नाही. तिने आधी y = x³ + x मधून x काढायला घेतला. घनसमीकरणाच्या सूत्राने x येतो, पण घनमुळाच्या पोटात वर्गमूळ असलेलं ते प्रकरण इंटिग्रेट करायची आमची छाती नाही. मग मी सुचवलं की ln x ला करतात तसं 1 ने गुणून बाय पार्ट्स करून बघ:

∫ g(y)·1 dy = y·g(y) − ∫ y·g′(y) dy

इथे गाडी अडली. g च माहीत नाही, तर g′ कुठून आणायचा?

पाटीपेन्सिल
अहो सोपं आहे. x सामाईक काढा, 1/(x(x²+1)) होतं. त्याचे तुकडे 1/x − x/(x²+1). दोन्ही log मध्ये जातात. 51/4 कसं येईल? छपाईची चूक असणार.

मोहोर
नाही हो, तुम्ही 1/f घेतलंत. इथे उलटं फंक्शन आहे, म्हणजे f ला 1 दिला की 2 मिळतात, तर g ला 2 दिले की 1 मिळतो.

पाटीपेन्सिल
अच्छा, f⁻¹ म्हटल्यावर मी घात समजलो. मग माझा पास.

तिरपी रेघ
मोहोरताई, तुम्ही थांबलात तिथून एकच पाऊल राहिलंय. g′ शोधायचाच नाही. त्या उरलेल्या इंटिग्रलमध्ये y = f(x) ठेवा. मग g(y) म्हणजे x, आणि g′(y) dy हा अख्खा तुकडा म्हणजे dx. उरलं काय? ∫ f(x) dx. ज्याचं सूत्र हातात नाही ते फंक्शन गायब झालं आणि ज्याचं आहे ते आलं.

आता लिमिट्स, कारण बहुतेकांचं इथेच बिनसतं. 2 आणि 10 या y च्या किमती आहेत. dx आला की x च्या किमती हव्यात. x³ + x = 2 केव्हा? x = 1 ला. x³ + x = 10 केव्हा? x = 2 ला. प्रश्न काढणाऱ्याने 2 आणि 10 मुद्दाम निवडलेत, म्हणजे घनसमीकरण नजरेनेच सुटावं. तेव्हा

∫ g(y) dy = 10·2 − 2·1 − ∫ (x³ + x) dx, यातला शेवटचा इंटिग्रल x = 1 ते 2

त्या शेवटच्याची किंमत 15/4 + 3/2 = 21/4. म्हणून 18 − 21/4 = 51/4. छपाई बरोबर आहे.

त्या इंटिग्रलला 2 आणि 10 च लावून ठेवले तर उत्तर हजारांत आणि तेही ऋण येतं, म्हणजे चूक लगेच दिसते.

उंबरठा
एवढा खटाटोप कशाला? चित्र काढा. f चा आलेख आणि g चा आलेख एकच, फक्त कुठल्या अक्षावरून बघतो एवढाच फरक. वक्राच्या खालचं आणि डावीकडचं क्षेत्रफळ मिळून आयत होतो. आयत 2 × 10 = 20, त्यातून 21/4 वजा करा. 59/4.

मोहोर
पण उत्तर 51/4 आहे ना?

तिरपी रेघ
उंबरठा, चित्र शंभर टक्के बरोबर, पण तुमचा आयत पूर्ण भरतो तो वक्र शून्यापासून सुरू झाला तरच. इथे तो (1, 2) पासून सुरू होतो. मोठ्या आयताच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात 1 × 2 चा छोटा आयत आहे, जो दोन्हींपैकी कुठल्याच क्षेत्रफळात येत नाही. तो वजा करा: 59/4 − 2 = 51/4.

उत्तर ताडून बघायची आणखी एक सोय आहे. y 2 ते 10 असताना g हे 1 ते 2 च्या मध्ये असतं आणि पट्टा 8 रुंद आहे. म्हणजे उत्तर 8 आणि 16 च्या मध्येच हवं. शिवाय g चा वक्र टोकं जोडणाऱ्या रेषेच्या वर फुगलेला आहे, म्हणून 12 पेक्षा जास्त. 51/4 म्हणजे 12.75. (59/4 सुद्धा या चाळणीतून निसटतं, तेव्हा चाळणीवर फार विसंबू नका.)

हे सूत्र स्वतंत्रपणे छापलं ते लेझां नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने, 1905 मध्ये. एवढी साधी गोष्ट इतक्या उशिरा छापली गेली याची मला अजून गंमत वाटते.

निवडुंग
धाग्यात घुसतोय, सॉरी. माझ्याकडे f(x) = e⁻ˣ आहे आणि इन्व्हर्सचं इंटिग्रल 1/e ते 1 हवंय. याच रीतीने −1 येतंय. पण इन्व्हर्स −ln y, ते या पट्ट्यात धन आहे. मग क्षेत्रफळ ऋण कसं?

तिरपी रेघ
तुम्ही x च्या लिमिट्स लहान ते मोठी अशा लावल्यात, 0 ते 1. f उतरतं आहे. खालच्या y = 1/e ला x = 1 आहे आणि वरच्या y = 1 ला x = 0. त्यामुळे आतला इंटिग्रल 1 पासून 0 पर्यंत जातो आणि त्याचं चिन्ह फिरतं:

1·0 − (1/e)·1 + (1 − 1/e) = 1 − 2/e, म्हणजे साधारण 0.26

y ची जोडी ज्या क्रमाने, त्याच क्रमाने x ची. लहान-मोठं बघायचंच नाही.

निवडुंग
ln y चं नेहमीचं सूत्र लावूनही तेच आलं. आभार.

मोहोर
तिने पुढचा स्वतः सोडवला: f(x) = x eˣ, इन्व्हर्सचं इंटिग्रल 0 ते e. उत्तर e − 1. जुळलं. आता त्यापुढचा असा आहे: f(x) = x³ − 3x, "f च्या इन्व्हर्सचं" इंटिग्रल −2 ते 2. पर्यायांत 0 पण आहे आणि 27/4 पण.

उंबरठा
f विषम फंक्शन आहे, इन्व्हर्सही विषम, लिमिट्स सममित. 0. डोळे झाकून.

तिरपी रेघ
डोळे उघडा. −2 आणि 2 च्या मधल्या प्रत्येक y ला इथे तीन x मिळतात. x ला −1 ते 1 मध्ये ठेवलं तर 0 बरोबर आहे. x ≥ 1 घेतलं तर (1, −2) पासून (2, 2) पर्यंत जातो:

2·2 − (−2)·1 − (−3/4) = 27/4

आणि x ≤ −1 घेतलं तर −27/4. x = 1 ला f′ शून्य आहे, म्हणजे y = −2 ला g′ अनंत होतो, पण सूत्राला त्याने काही बाधा येत नाही. f सलग आणि एकाच दिशेने चढणारं किंवा उतरणारं असलं की पुरे. प्रश्नात x कुठल्या पट्ट्यातला ते लिहिलंय का?

मोहोर
नाही. फक्त "इन्व्हर्स" लिहिलंय.

उंबरठा
मग मधला पट्टाच अपेक्षित असणार. शून्य त्यातच येतो.

तिरपी रेघ
त्याला आधार काय? 27/4 हा आकडा हिशोब केल्याशिवाय कोणी पर्यायात टाकत नाही, तेव्हा मला x ≥ 1 ची अट छापायची राहिली असं वाटतं. पण प्रश्न आहे तसा अपुरा आहे. मागे उत्तर काय दिलंय?

मोहोर
या पानाची उत्तरंच छापलेली नाहीत. उद्या ती क्लासच्या सरांना विचारेल, मग कळवते.