रात्रीच्या स्लीपरने हॉटेलची रात्र वाचते म्हणे!

पक्या_घोडबंदर
दोन दिवसांसाठी गोव्याला जाणाऱ्यांनी दिवसाच्या ट्रेनच्या नादी लागूच नये. शुक्रवारी जेवून ठाण्यात माजिवड्याला एसी स्लीपर बस पकडा, झोपा, शनिवारी सकाळी गोव्यात. रविवारी रात्री तसंच परत. दोन रात्रींचं हॉटेल वाचलं, रजाही नको. खिडकीत बसून आख्खे दोन दिवस घालवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. चूक असेल तर सांगा.

नीलिमा, ऐरोली
सांगते. चूक आहे, आणि हीच चूक मी सलग तीन वर्षं पैसे मोजून केली म्हणून जरा जास्तच बोलणार आहे.

कुठल्या दोन रात्री वाचल्या हो? मोजू या. शुक्रवारची रात्र तुम्ही बर्थवर काढली. मी सकाळची गाडी धरणार म्हणून माझ्या घरी, माझ्या पलंगावर काढली. शनिवारची रात्र दोघांचीही हॉटेलात. रविवारची तुमची परत बर्थवर, आणि मी रात्री दहाच्या आत ठाण्याला उतरून घरी. म्हणजे हॉटेलची रात्र दोघांना एकच लागली. तुम्ही जी वाचवली ती हॉटेलची नाही, स्वतःच्या घरातली फुकटची रात्र वाचवली!

आता माझी गोष्ट. मागच्या फेब्रुवारीत मी, नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. बस ऐरोलीला आली पावणेनऊला. पुढे घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर, खारघर... प्रत्येक थांब्यावर लाइट लागणार, यादीवाला पडदा सरकवून "बारा नंबर कोण?" विचारणार. बारा नंबर आम्हीच, हे त्याला पाचदा सांगितलं. कळंबोली सोडली तेव्हा अकराला दहा कमी. डोळा लागतोय तोवर साडेबाराला जेवणाचा थांबा, पुन्हा लाइट. पहाटे घाट सुरू झाला आणि मुलाने उलटी केली. म्हापशाला उतरलो पावणेनऊला. हॉटेलवाला म्हणाला, रूम दोनला मिळेल, आत्ता हवी तर अर्ध्या दिवसाचं भाडं. भाडं ३२००, म्हणजे वर १६०० दिले आणि तिघंही आडवे झालो ते थेट एकला उठलो.

डिसेंबरात वंदे भारतने गेलो. ठाण्याहून सहाच्या आधी निघते, सव्वाबाराच्या सुमारास थिवीला. तिथून म्हापसा दहा-अकरा किलोमीटर. जेवून रूमवर पोचलो तर चेक-इनची वेळ झालेलीच. बसने गेलेल्या शनिवारी मी एक वाजता उठले, ट्रेनने गेलेल्या शनिवारी एक वाजता जेवत होते. शुक्रवार रात्रीच्या बर्थचे माणशी १७०० आणि चेअर कारचं तिकीट यात फार अंतर नव्हतं. फरक पडला तो त्या १६०० चा.

सुहास_नेरूळ
ताई, तुमची बर्थ चुकली, बाकी काही नाही. वरची सिंगल घ्यायची. यादीवाल्याचा हात पोचत नाही, पॅसेजमधून जाणाऱ्यांचे धक्के नाहीत, लाइटही कमी. मी कायम वरचीच घेतो, कळंबोलीच्या आधीच घोरतो.

काका_कळवा
सुहासराव, अर्धं बरोबर. एका बॉडी बिल्डरकडे मी बावीस वर्षं बसच्या बॉड्या बांधल्यात, म्हणून सांगतो. वर वर्दळ आणि उजेड कमी, खरं. पण गाडी वळणावर कलते तेव्हा जितके उंच असाल तितके जास्त झुलता. एक्सप्रेसवेवर कळत नाही, घाटात कळतं. नीलिमाताईंचा मुलगा वरच होता का?

आणि वर-खालीपेक्षा मोठा प्रश्न पुढे की मागे हा आहे. मागच्या चाकांच्या मागे बॉडीचा मोठा भाग अधांतरी असतो. सी-सॉच्या टोकाला बसल्यासारखं होतं. गतिरोधकावरून चाक गेलं की चाकाजवळच्याला नुसता हेलकावा बसतो, शेपटातला माणूस उडतो. शिवाय इंजिन मागे, त्याची गरमी आणि घरघर तिकडेच. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या पट्ट्यातली खालची बर्थ, त्यातही मागच्या चाकाच्या बरोब्बर वरची सोडून. ॲपवर आकृती दिसते त्यात चाकं दाखवत नाहीत, पण शेवटच्या दोन ओळी टाळल्या तरी पुष्कळ. पक्याशेठ, तुमची बर्थ कुठली असते?

पक्या_घोडबंदर
मिळेल ती असते काका, कारण मी गुरुवारी ठरवतो आणि शुक्रवारी निघतो. इथेच तर मुद्दा आहे. नीलिमाताईंनी डिसेंबरातलं तिकीट कधी काढलं होतं ते विचारा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि शनिवारची गाडी लगेच वेटिंगला जाते. वेटिंग धरून बसलात आणि सकाळच्या गाडीचा चार्ट आदल्या रात्री लागला की काय करणार? तोवर काकांना आवडणाऱ्या बसच्या सगळ्या बर्थ गेलेल्या. आणि पहाटे पावणेसहाला ऐरोलीहून ठाणे स्टेशनला कसे पोचलात, तेही गाळलंत. माझ्याकडून रिक्षावाल्याने पहाटेच्या अंधाराचा फायदा घेऊन मीटरच्या दुप्पट घेतलेत.

नीलिमा, ऐरोली
तिकीट बरोबर साठाव्या दिवशी काढलं होतं, मान्य. आणि हो, पावणेचारचा गजर लावला होता, त्यामुळे त्या रात्रीची झोपही साडेचार तासांचीच झाली. पण ती सलग होती आणि कुणी पडदा सरकवला नाही. टॅक्सीचे ४०० गेले ते तुमच्या खात्यात लिहा, खूश?

काका, मुलगा वरच होता. खिडकीसाठी हट्ट केला म्हणून.

मालवणी_मसाला
तुम्ही सगळे रस्त्याबद्दल एक अवाक्षर का काढत नाही? बस कुठून जाते हे न विचारता झोपेवर चर्चा! पुण्यावरून कोल्हापूर आणि मग घाट उतरली तर गोष्ट वेगळी, आणि मुंबई-गोवा महामार्गाने गेली तर वेगळी. २०११ पासून काम चालू आहे. माझ्या भाच्याचा जन्म २०११ चा, त्याला मिसरूड फुटलं, इंदापूर-माणगावची कोंडी तशीच आहे.

सुहास_नेरूळ
आता कशेडीचा बोगदा झाला की. पुढचा रस्ता मस्त आहे, उगाच रडू नका.

मालवणी_मसाला
पुढचा मस्त आहे म्हणूनच मागचा जास्त बोचतो! तुम्ही वर्षातून एकदा बीचवर जाणार, आम्ही गणपतीला, शिमग्याला, कुणी गेलं तर रात्री-अपरात्री निघतो. गेल्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी माणगावात अडीच तास एकाच पेट्रोल पंपाकडे बघत उभे होतो. आई सत्तरीची, मधुमेह. बसमध्ये बाथरूम नाही म्हणून बाईने दुपारपासून पाणी प्यायलं नव्हतं. ड्रायव्हर म्हणतो, मध्ये थांबलो तर रांग जाईल. शेवटी मी दार ठोकून उतरवलं. हा तुमचा आराम?

सुहास_नेरूळ
गणपतीच्या गर्दीचा दाखला देऊन बाकीच्या पन्नास आठवड्यांवर निकाल लावायचा का? आणि गणपतीत ट्रेनला तरी पाय ठेवायला जागा असते का?

मालवणी_मसाला
असते की नसते ते तुम्ही नेरूळात बसून सांगू नका.

काका_कळवा
अरे, भांडू नका. मसालेवाल्याचा प्रश्न रास्त आहे. बुक करताना मार्ग विचारायचाच. कोल्हापूरवरून जाणारी गाडी अंतराने लांब, पण मध्यरात्रीपासून कोल्हापूरपर्यंत सरळ चालते, झोप तिथेच होते, मग पहाटे घाटात जाग येते. महामार्गाच्या गाडीत उलटं, सुरुवातीचे तास खडखड आणि झोप महाडच्या पुढे. आणि आईंसारखं कुणी सोबत असेल तर ट्रेनच. डब्यात संडास आहे या एका गोष्टीपुढे बाकीचा हिशेब फिका. मलाही प्रोस्टेट झाल्यापासून स्लीपर बंद. आयुष्यभर बांधल्या, आता बसवत नाही.

वऱ्हाडी_ठाणेकर
तुमचं गोव्याचं चालू द्या, पण "स्लीपरने काहीच वाचत नाही" हे सगळीकडे लावू नका. मला नागपूरला जावं लागतं. दिवसाच्या गाडीने गेलो तर पूर्ण दिवस गाडीत आणि रात्री पोचून हॉटेल. तिथे रात्र खरोखर वाचते. समृद्धी आमण्यापासून सुरू झाल्यापासून तर रस्ताही लोण्यासारखा. फक्त एवढा सरळ, की ड्रायव्हरला झोप लागेल याची मला झोप लागत नाही.

नीलिमा, ऐरोली
वऱ्हाडीभाऊ, तुमचं बरोबर आहे. गाडी सकाळी निघून दुपारच्या आत पोचवत असेल तरच माझा हिशेब चालतो. रात्री पोचवणारी असेल तर एक रात्र जास्त लागणारच. मांडवीने गोव्याला गेलात तरी तेच, खाणं उत्तम पण दिवस संपतो.

पक्या_घोडबंदर
चला, म्हणजे नियम नाही, एका गाडीचं टाइमटेबल आहे. आता माझंही ऐका. रविवारी तुम्ही तीन-सव्वातीनला थिवीला गाडीत बसता. म्हणजे दीडला बीचवरून उठलात, वाळू झटकलीत, बॅगा भरल्या. मी सातपर्यंत पाण्यात असतो. तो सूर्यास्त कुठल्या रकान्यात लिहिणार?

नीलिमा, ऐरोली
तो तुमचा. खरंच. रविवारची संध्याकाळ बसवाल्याची, यात वाद नाही. पण अकराला चेकआउट करून सातपर्यंत बॅगा कुठे ठेवल्यात, अंघोळ कुठे केलीत?

पक्या_घोडबंदर
शॅकवाल्याकडे बॅगा, अंघोळ नाही. खारट अंगानेच झोपलो. सोमवारी साडेआठला माजिवडा, दहाला ऑफिस.

नीलिमा, ऐरोली
आणि शेजारच्या बर्थवाल्याचं काय मत होतं?

पक्या_घोडबंदर
सिंगल होती. 😀 बरं, जाताना ट्रेन, येताना बस असं करून बघतो. हॉटेलची दुसरी रात्र वाचत नाही हे मानलं. पहिलीचं अजून मनात बसत नाहीये, आज रात्री कागदावर मांडतो.

रश्मी_कामोठे
सगळं वाचलं. आम्हाला ऑगस्टात जायचंय, चौघं. पनवेलहून वंदे भारत धरू ना? शनिवारचं बघतेय.

काका_कळवा
ताई, थांबा. नीलिमाताईंचा सगळा हिशेब कोरड्या दिवसांचा आहे. पावसाळी वेळापत्रकात ती आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि पावणेआठच्या जागी दहा तास घेते. जोराच्या पावसात दिसेनासं झालं की कोकण रेल्वेवर गाड्या ताशी ४० ने चालवतात, आणि वीरच्या पुढे एकेरी मार्ग असल्याने एक रखडली की समोरचीही क्रॉसिंगला उभी. जनशताब्दी बघा, पण तीही रोजच्या वेळेपेक्षा उशिरानेच पोचेल. दुपारचं जेवण गाडीतच धरून चला.

रश्मी_कामोठे
मग बस?

मालवणी_मसाला
ऑगस्टात? रात्री? घाटातून? दोन्ही नको. नोव्हेंबरात जा.

रश्मी_कामोठे
सासूबाईंचा नवस आहे हो मंगेशीला, श्रावणातलाच. नोव्हेंबर चालणार नाही. जनशताब्दीचं वेटिंग किती आहे बघून सांगते.