सिकाड्यांचे वर्षमापन

> जमिनीखाली अंधारात असताना सतरा वर्षे भरली, हे त्या सगळ्यांना एकदम कसे कळते?

हा प्रश्न अमेरिकेच्या पूर्व भागातील सिकाडा या कीटकांविषयी आहे, जे सतरा वर्षे जमिनीखाली काढून सगळे एकदम बाहेर येतात. त्यांची पिल्ले झाडांच्या मुळांतील पातळ रस शोषून वाढतात आणि वर्षाची खूणही त्यांना झाडाकडूनच मिळते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका सुंदर प्रयोगात कॅलिफोर्नियातील संशोधकांनी पंधरा वर्षांची पिल्ले पीचच्या झाडांच्या मुळांशी सोडली आणि त्या झाडांना एकाच वर्षात दोनदा बहर आणवला, तेव्हा पिल्ले एक वर्ष आधीच बाहेर आली. म्हणजे त्यांनी मोजले ते बहर, लोटलेला काळ नव्हे.

नेमका दिवस मात्र मातीची ऊब ठरवते. सुमारे २० सेंटिमीटर खोलीवर तापमान १८ अंश सेल्सियसला पोहोचले की पिल्ले अंधार पडताच बिळांतून निघून खोडांवर चढतात. पाठीवर कात उकलते आणि आतून पांढराशुभ्र, मऊ कीटक बाहेर सरकतो, जो सकाळपर्यंत काळा व टणक झालेला असतो. काही दिवसांनी नर पोटाच्या दोन्ही बाजूंचे ताणलेले पडदे थरथरवून गाऊ लागतात, आणि राजी असलेली मादी पंखांच्या एका झटक्याने, अचूक वेळ साधून, ‘टिक्’ असे उत्तर देते.