तीन लेट मार्कला अर्धा दिवस: सही घेतली म्हणून कायदेशीर ठरतं का?

लोटे_युनिट
तीन लेट मार्क झाले की आमच्याकडे अर्ध्या दिवसाची रजा जाते. रजा शिल्लक नसेल तर अर्ध्या दिवसाचा पगार. नोकरीवर घेतानाच सगळ्यांनी वाचून सह्या केल्यात. सरकारी कार्यालयांतही हेच चालतं. मग दर पगाराला 'बेकायदा आहे' ही ओरड कशासाठी? वेळेवर या, विषय संपला.

वाशिष्ठीकाठ
विषय संपत नाही. पगारपत्रकं करण्यात माझी उमेद गेली, म्हणून सविस्तर लिहितो. रजा कापणं आणि पगार कापणं या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एका दमात सांगितल्यात.

पगार 18,200, दिवस 26, म्हणजे रोज 700. आठ तासांच्या पाळीत तासाला साडेसत्त्याऐंशी. एकजण महिन्यात तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं उशिरा आला, एकूण पाऊण तास. त्याचे होतात साधारण 66 रुपये. तुम्ही कापता 350. गैरहजेरीची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणाबाहेर जाता कामा नये, हे 1936 च्या वेतन प्रदान कायद्याचं कलम 9 सांगत होतं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेचं कलम 20 तेच सांगतं. वरचे 284 रुपये कशाचे? आणि सहीचं म्हणाल, तर कायद्याने मिळालेला पैसा सोडून देण्याचा करारच मुळात रद्दबातल असतो.

केंद्र सरकारी कार्यालयात उशिराला अर्धी किरकोळ रजा जाते, बरोबर. पण योग्य कारण असेल तर तासाभरापर्यंतचा उशीर महिन्यात दोनदा माफ करता येतो. तो अर्धा भाग तुम्ही सांगितला नाहीत.

घाटपायथा
म्हणजे रजा कापणंही बेकायदाच. हा नियम सगळ्याच कंपन्यांनी काढून टाकला पाहिजे.

वाशिष्ठीकाठ
नाही हो. कारखान्यातली किरकोळ रजा कंपनी स्वतःच्या नियमाने किंवा युनियनशी करार करून देते, त्यामुळे ती कशी वजा होईल हेही तो नियम ठरवू शकतो. हक्काच्या भरपगारी रजेला मात्र हात लावू नये. ती काम केलेल्या दिवसांवर कायद्याने मिळते.

लोटे_युनिट
मग दंड म्हणा. तीन टक्क्यांपर्यंत दंड कायद्यातच आहे. 18,200 चे 546 होतात. माझे 350 आरामात बसतात.

वाशिष्ठीकाठ
आकडा बसतो, पद्धत बसत नाही. कुठल्या चुकांना दंड, याची मंजूर यादी नोटीस बोर्डावर हवी. कामगाराचं म्हणणं ऐकायला हवं. दंड नोंदवहीत चढायला हवा आणि तो पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हायला हवा. तुमच्या पगारचिठ्ठीवर काय लिहिता? 'बिनपगारी अर्धा दिवस'. त्या अर्ध्या दिवसात माणूस मशीनवर उभा होता, हे तुमचंच हजेरीपत्रक सांगेल.

सुमती_गुहागर
कलमं राहू द्या. माझी पहाटेची एसटी चिपळूणला वेळेवर आली तरी परशुराम घाटात दरड आली की सगळं ठप्प. गेटवर पोचते तेव्हा पावसाने बोटं ओली. मशीन बोट घेत नाही. पदराला पुसून परत ठेवते, तोवर 8:02. लेट मार्क. संध्याकाळी माल भरायचा म्हणून अर्धा तास थांबवतात, तो कुठे धरतात?

लोटे_युनिट
दरड कंपनीने पाडली का? एक गाडी अलीकडची पकडा. नाहीतर स्कूटर घ्या.

सुमती_गुहागर
अलीकडची गाडीच नाही! पावसाळ्यात त्या घाटातून बाईमाणसाने अंधारात स्कूटर चालवायची? तुम्ही एकदा चालवून दाखवा.

घाटपायथा
किती वर्षं झाली महामार्गाच्या चौपदरीकरणाला? त्या कंत्राटदारांना लेट मार्क कोण लावतं? कामगाराचे दोन मिनिटं बरी दिसतात.

लोटे_युनिट
महामार्गाचा राग माझ्यावर काढू नका. पाळी सुरू होताना दोन माणसं नसली की रिअॅक्टरवरचा रात्रपाळीवाला अडकून पडतो. त्याच्या घरी कोणी वाट बघत नाही का? ते कोण लिहिणार?

वाशिष्ठीकाठ
हे मात्र खरं आहे, आणि त्यासाठी वाट आहे. आदर्श स्थायी आदेशांत सवयीने उशिरा येणं गैरवर्तन म्हणून धरलंय. लेखी समज द्या, खुलासा मागा, चौकशी करा. कष्टाचं काम आहे. म्हणूनच सगळे पगारातून कापून मोकळे होतात. सुमतीताई, थांबवलेल्या अर्ध्या तासांची तारखेवार नोंद ठेवा आणि पगारचिठ्ठ्या टाकू नका. जादा कपातीचा दावा नव्या संहितेत तीन वर्षांपर्यंत करता येतो.

लोटे_युनिट
ठीक आहे. रजा संपल्यावर मिनिटांप्रमाणेच कापायला सांगतो. पण रजेचा नियम राहणार.

घाटपायथा
आणि माझ्या पुतण्याचं काय? तो चिपळुणात शोरूमला आहे. दुकानांच्या 2017 च्या कायद्यात आठ किरकोळ रजा कायद्यानेच मिळतात. त्या कशा कापता येतील?

वाशिष्ठीकाठ
माझ्या मते कापता येऊ नयेत. कायद्याने किमान दिलंय, त्यात मालकाने भागाकार करायचा नाही.

लोटे_युनिट
तुमच्या मते. माझा सल्लागार उलट सांगतो.