शब्दचर्चा : स्पर्धेच्या नियमातली ‘सफाई’ नेमकी कशाची?

नेरूळ_अकरावी : आमच्या कॉलेजच्या फोटो स्पर्धेचा नियम असा आहे : ‘किरकोळ सफाई चालेल. घटक वाढवणे वा काढणे चालणार नाही.’ माझा फोटो सीवूड्सच्या तळ्यावरच्या फ्लेमिंगोंचा आहे. पुढे चिखलात प्लास्टिकची बाटली आलीय आणि वर आकाशात तीन काळपट ठिपके. बाटली म्हणजे कचरा, आणि कचरा काढणं म्हणजे सफाईच की. मग पुसू ना?

निवृत्त_मुद्रितशोधक : तुमचं मराठी बिनचूक आहे, खोट नियमात आहे. सफाई कशाची, हे लिहिलेलंच नाही. असं मोघम लिहिलं की वाचणारा आपापल्या सोयीचा अर्थ लावणारच.

खाडीकाठ : सफाई फोटोची, तळ्याची नव्हे. बाटली तिथे चिखलात पडलेली होती, म्हणजे ती दृश्यातला घटक. ती पुसलीस की फोटो बाद. ठिपके बहुधा सेन्सरवरच्या धुळीचे असतील. ते तळ्यावर नव्हतेच, कॅमेऱ्यात होते. ते पुसायला जवळपास सगळ्या स्पर्धांची परवानगी असते.

घोडबंदर_क्लिक : एवढं कशाला? लाइटरूममध्ये केलं की सफाई, फोटोशॉपमध्ये केलं की फेरफार. सोप्पं.

खाडीकाठ : नाही हो. डाग पुसायचा ब्रश लाइटरूममध्येही आहे आणि त्याच ब्रशने धूळही जाते, बगळाही जातो. रंग-उजेड लाइटरूममध्ये करायची पद्धत आहे, तेवढ्यापुरतं तुमचं खरं. पण परीक्षक कुठलं सॉफ्टवेअर ते विचारत नाहीत, मूळ फाइल मागतात आणि शेजारी ठेवून बघतात. वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेने 2010 मध्ये एका विजेत्याचं बक्षीस काढून घेतलं. कारण काय, तर मागे उभ्या असलेल्या माणसाच्या पावलाचा जेमतेम दिसणारा तुकडा पुसला होता.

जांभळीनाका_स्टुडिओ : मी लग्नाचे फोटो करतो. नवरीच्या गालावरची पुटकुळी, मागच्या भिंतीवरचं स्विचबोर्ड, मध्येच डोकावणारा केटररचा पोऱ्या, सगळं रोज काढतो. गिऱ्हाईक वर खूश होतं. आता याला फेरफार म्हणणार का?

खाडीकाठ : दादा, ते तुमचं काम आहे, गिऱ्हाइकाने सांगितलेलं. तिथे कुणी परीक्षक नाही.

अकरावी, तुझ्या ठिपक्यांचं मात्र आधी तपासून घे. त्याच दिवशी, त्याच कॅमेऱ्याने, लागोपाठ काढलेले दोन-तीन फोटो उघड. धुळीचा ठिपका प्रत्येक फोटोत चौकटीच्या त्याच जागी बसलेला असतो, कडा धूसर असतात. एफ/16 सारख्या बारीक छिद्राला तो उठून दिसतो, एफ/4 सारख्या मोठ्या छिद्राला जवळपास विरतो. ठिपक्याने जागा बदलली असेल तर ती धूळ नाही.

नेरूळ_अकरावी : बघितलं. दोन तिथेच आहेत. तिसरा पुढच्या फोटोत डावीकडे सरकलाय. मोठा करून पाहिला तर पंख दिसतात, घार असावी.

खाडीकाठ : मग दोन पुस, घार राहू दे. बाटली नकोच असेल तर खालून क्रॉप कर.

नेरूळ_अकरावी : पण क्रॉप करूनही बाटली जातेच ना? मग तेही ‘काढणे’च झालं.

निवृत्त_मुद्रितशोधक : अगदी हेच विचारणार होतो!

खाडीकाठ : क्रॉप म्हणजे चौकट जवळ आणणं. फोटो काढतानाच थोडं झूम केलं असतंस तर तेच झालं असतं. राहिलेल्या चौकटीत जे दिसतं ते सगळं खरं असतं. ब्रशने पुसलंस की बाटलीच्या जागी शेजारचा चिखल चिकटवला जातो, म्हणजे काढता काढता तू खोटा चिखल वाढवलास. फक्त क्रॉपनंतर किमान किती पिक्सेल हवेत, ते नियमात बघून घे.

घोडबंदर_क्लिक : नाहीतर तो कोपरा काळाकुट्ट करून टाका. बाटली दिसणारच नाही आणि पुसलीही नाही!

खाडीकाठ : ही पळवाट जुनीच आहे. वर्ल्ड प्रेस फोटोच्या 2015 च्या स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीत पोचलेल्यांपैकी सुमारे 20 टक्के फोटो बाद झाले. त्यांत बारीकसारीक तपशील पुसलेले होते, तसेच काही भाग इतके काळे केलेले की तिथे काय होतं ते कळेना. सावली थोडी गडद करा, पण त्यातली वस्तू ओळखू आली पाहिजे. आणि अकरावी, मूळ फाइलवर सेव्ह करू नकोस. मागितली तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणूनही पाठवू नकोस. तिथे तो दाबला जातो, तारीख-वेळेची माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठव.

निवृत्त_मुद्रितशोधक : मग नियम असा लिहावा : ‘कॅमेऱ्यामुळे उमटलेले डाग पुसता येतील. समोर जे होते ते पुसता येणार नाही.’

ऐरोली_पावसाळी : आणि लेन्सच्या काचेवर पडलेला पावसाचा थेंब? तो समोर होता की कॅमेऱ्यावर?

खाडीकाठ : कॅमेऱ्यावर. पण धुळीचा ठिपका बहुधा मोकळ्या आकाशातच उठून दिसतो, थेंब मात्र माणसाच्या अर्ध्या चेहऱ्यावर येऊ शकतो. तो पुसला तर खालचा चेहरा आणणार कुठून? मी नसता पुसला.

निवृत्त_मुद्रितशोधक : माझ्या वाक्याप्रमाणे मात्र चालतं. म्हणजे वाक्य अजून अपुरं आहे.

नेरूळ_अकरावी : क्रॉप केलं तर पुढच्या फ्लेमिंगोचे पायही कापले जातायत. बाटलीसकटच देते.