सेल शेडिंग आणि पिक्सेल आर्ट म्हणजे पळवाट? अजिबात नाही

सात_रस्ता
कार्टून लूकचे सेल शेडिंगवाले आणि ठोकळ्या-ठोकळ्यांचे पिक्सेल आर्टवाले गेम म्हणजे पैसे वाचवायचा धंदा आहे. शेडर लावला, काळी आउटलाइन मारली, झाली ‘स्टाइल’ तयार. वर लोक म्हणतात हेच गेम जुने होत नाहीत. अरे, जुनं व्हायला त्यात असतं काय? खरी मेहनत रिअलिस्टिक गेमला लागते. पटत नसेल त्याने सांगावं.

जुळे_सोलापूर
माझं पोट कॅरेक्टर मॉडेलिंगवर चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आर्क सिस्टम वर्क्सचा गिल्टी गिअर एक्सआरडी घे, २०१४चा. अनरिअल इंजिन ३ वर बनलेला, पात्रं सगळी थ्रीडी. तरी चालू गेम मध्येच थांबवून दाखवला तर हाताने काढलेलं चित्र आहे असंच तू म्हणशील. आता तू म्हणतोस तसा नुसता शेडर एखाद्या चेहऱ्यावर लावून बघ. सेल शेडरला उजेड आणि सावली एवढंच कळतं, मधलं काही नाही. नेहमीच्या मऊ शेडिंगमध्ये गालाचा उंचसखलपणा विरून जातो. रंग दोनच ठेवले की तोच उंचसखलपणा नाकाशेजारी फाटक्या कडांचा डाग होऊन बसतो, आणि मान वळली की तो डागही चेहराभर फिरतो.

त्या टीमने काय केलं? चेहऱ्याचे नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाचं तोंड कुठे हे प्रकाशाला सांगणारे बाण, हाताने वळवले. गालाचा आकार होता तसाच ठेवला, पण प्रकाशाच्या हिशेबाला तो गुळगुळीत, साधा वाटेल असं केलं. हनुवटीखाली, केसांच्या बटांखाली सावली लवकर पडावी म्हणून व्हर्टेक्स कलरमध्ये, म्हणजे मॉडेलच्या बिंदूंवर साठवलेल्या रंगात, जागोजागी वेगळी किंमत भरली. प्रत्येक पात्राला स्वतःचा वेगळा दिवा दिला आणि हालचालीप्रमाणे तो फिरवला. हालचालसुद्धा मुद्दाम तुटक ठेवली. गेम ६० फ्रेमने पळतो, पण पोझ दोन-तीन फ्रेम तशीच धरून ठेवतात, मधल्या पोझ कॉम्प्युटरला भरू देत नाहीत. हे सगळं त्यांनी २०१५च्या जीडीसी या गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेत उघड करून दाखवलंय.

सगळ्यात भारी काम आतल्या रेषांचं. कोटाची शिवण टेक्स्चरवर, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्रावर, तिरकी काढली की कॅमेरा जवळ आल्यावर तिच्या पायऱ्या दिसतात. म्हणून त्यांनी टेक्स्चरवर रेषा फक्त आडव्या आणि उभ्या काढल्या, आणि यूव्ही, म्हणजे टेक्स्चर मॉडेलवर बसवायची मांडणी, ताणून त्या मॉडेलवर हव्या तशा वळवून बसवल्या. नुसतं टेक्स्चर उघडलं तर कोट ओळखूही येत नाही, चौकोनी घरांचा नकाशा दिसतो. पण गेममध्ये रेष कितीही जवळून बघ, धार जात नाही.

जुनं न होण्याचं कारण इथेच आहे. झेल्डा मालिकेतला २००६चा ट्वायलाइट प्रिन्सेस मोठ्या टीव्हीवर लाव. दगड, माती, कापड सगळं खरं वाटावं म्हणून बारीक तपशील टेक्स्चरमध्ये भरलाय, पण गेमक्यूबच्या मेमरीत मावावा म्हणून तो आक्रसलेला. आता तो ताणला की पुसट होतो. त्याच मालिकेतला २००२चा विंड वेकर त्याच टीव्हीवर लाव. सपाट रंग ताणला तरी सपाटच राहतो, आणि कडा पॉलिगॉनच्या असल्यामुळे जास्त रिझोल्यूशन मिळालं की उलट स्वच्छ होतात.

सात_रस्ता
मग हाफ-लाइफ २ चं काय? २००४चा, पक्का रिअलिस्टिक, आजही बघवतो. आणि तुझ्या विंड वेकरला २०१३च्या एचडी आवृत्तीत ब्लूम, म्हणजे उजेडाची धूसर झळाळी, ओतून कोणी मऊ केलं? त्याच कंपनीने ना? इतकी पक्की स्टाइल होती तर हात का लावला?

जुळे_सोलापूर
हाफ-लाइफ २ मान्य. मनापासून नाही, पण मान्य. तिथे भिंतींवरचा उजेड आधीच मोजून, साठवून ठेवलेला आहे. कोणती भिंत उजळ, कोणता कोपरा अंधारा हे माणसाने बसून ठरवलंय, म्हणून तो टिकला. टेक्स्चरला नाक लावून बघ, पुसटपणा तिथेही आहे. एचडीचा ब्लूम मलाही खटकतो, त्यावर तुझ्याशी भांडणार नाही. पण ती चूक नंतर वर ओतलेल्या उजेडाची. मूळ स्टाइलला कशाला धरतोस?

विजापूर_रोड
हे नॉर्मल हाताने वळवायचं मला कोणी शिकवलंच नाही! इथल्या सोलापुरातल्या एका ॲनिमेशन क्लासला वडिलांनी कर्ज काढून फी भरली. टून शेडर शिकवायच्या दिवशी दोन नोड जोडले, ‘झालं सेल शेडिंग’ म्हणाले आणि पुढच्या विषयावर गेले. माझ्या मॉडेलच्या नाकाखाली मिशीएवढा काळा डाग पडायचा. विचारलं तर म्हणाले लाइट हलव. लाइट हलवला की डाग कपाळावर. पोर्टफोलिओ दोनदा परत आला आणि मी वर्षभर स्वतःलाच दोष देत बसलो. क्लासवाल्यांना जाब विचारणारं कोणी आहे का या शहरात?

ट्यूबवाला
क्लासचं रडगाणं वेगळीकडे लिही, इथे गेमचा विषय आहे.

पिक्सेल आर्टबद्दल मी सांगतो, कारण आम्ही नवी पेठेतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ते जगलोय. आज तुम्ही मोबाइलवर जे टोकदार चौकोन बघता ते कोणी काढलेच नव्हते. सगळे जुने गेम पिक्चर ट्यूबसाठी बनवलेले, ट्यूबवर ते मऊ दिसायचे. सेगाच्या १९९१च्या सॉनिकमधला धबधबा बघा. तो उभ्या पट्ट्यांचा आहे, एक पट्टी पाण्याची, एक रिकामी. साध्या पिवळ्या पिनेच्या केबलने टीव्हीला जोडला की पट्ट्या एकमेकींत मिसळून पाणी आरपार दिसायचं. एलसीडीवर नुसता कंगवा दिसतो. तेव्हा ‘पिक्सेल आर्ट जुनं होत नाही’ हे खोटं आहे. ते ट्यूबबरोबरच मेलं.

जुळे_सोलापूर
धबधबा खरा, ‘सगळे’ खोटं. २००१चा गेम बॉय ॲडव्हान्स एलसीडीच होता, २४०×१६० घरं, ट्यूबचा संबंधच नाही. त्याच्या पडद्यामागे दिवा नव्हता, म्हणून आर्टिस्टनी रंग मुद्दाम जास्तच उजळ ठेवले. ते गेम आज उजळ पडद्यावर लावले की रंग उडाल्यासारखे वाटतात. म्हणजे पडदा बदलला की बिघडतं हे तुझं बरोबर, पण ट्यूब हे एकच कारण नाही.

ट्यूबवाला
काठावर बसून पोहायला शिकवू नकोस. तू ट्यूबवर खेळलास तरी का कधी? पुस्तकी आकडे फेकायचे आणि अनुभव असणाऱ्याला खोटं ठरवायचं!

साखरपेठ_जॅकार्ड
दोघांनीही जरा दमानं घ्या. गेममधलं मला फार कळत नाही, मुलाने हे वाचायला दिलं. पण तुमच्या चौकोनांवर माझी उभी हयात गेली. चादरीवर नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागाचे ग्राफ काढायचो. एक घर म्हणजे एक धागा, वर किंवा खाली. अर्धं घर नसतं.

मोराची मान काढायची तर ती घरांच्या पायऱ्यांनीच काढावी लागते. पायऱ्या ४, ३, २, २, १, १ अशा क्रमाने उतरल्या तर डोळ्याला बाक दिसतो. मध्येच ३, १, ३ आलं की मान मोडल्यासारखी दिसते, आणि चादर कितीही लांबून बघा, ती खोड जात नाही. नवीन पोरं तिथेच चुकायची.

दुसरी गोष्ट घराच्या आकाराची. समजा इंचात ताण्याचे म्हणजे उभे ४० धागे आहेत आणि बाण्याचे म्हणजे आडवे ३२. एक इंचाचं गोल फूल काढायचं तर आडवी ४० घरं आणि उभी ३२च लागतात. चौकोनी कागदावर ४०×४० काढलं तर मागावर अंडं विणून येतं. म्हणून आम्ही धाग्यांच्या प्रमाणात आखलेला कागदच वापरायचो. तुमच्या गेममध्ये घर नेहमी चौरसच असतं का?

जुळे_सोलापूर
काका, नाही! आणि ट्यूबवाल्याच्या भांडणाचं खरं मूळ मला तरी इथेच दिसतं.

कॉम्प्युटर क्लासमध्ये आपण सगळे जो प्रिन्स ऑफ पर्शिया खेळलो, तो डॉसवर ३२०×२०० चा. पण मॉनिटर ४:३. म्हणजे २०० ओळी ताणून २४० ओळींच्या जागेत बसायच्या, प्रत्येक घर रुंदीपेक्षा १.२ पट उंच. तिथे गोल काढायचा तर ४० घरं आडवी आणि साधारण ३३ उभी, जवळपास काकांच्या फुलाइतकीच. तोच गेम आज चौरस घरांनी दाखवला की प्रिन्स बुटका होतो. लोक म्हणतात ‘ग्राफिक्स जुनं झालं’. ग्राफिक्स तसंच आहे, आपण ते चुकीच्या ग्राफवर विणतोय.

ट्यूबवाला
मग ट्यूबवर बरोबर दिसायचं हेच मी म्हणालो ना!

जुळे_सोलापूर
त्या एका बाबतीत हो. झालं समाधान? पण ‘मेलं’ नाही. चित्र आधी आडवं ५ पट आणि उभं ६ पट करायचं, १६००×१२०० होतं, प्रत्येक घर अगदी सारखं. मग मऊ फिल्टरने ते १४४०×१०८० वर आणायचं. घरांच्या कडेला केसाएवढा मऊपणा येतो, प्रमाण बरोबर राहतं. थेट १०८० वर ओढलं तर काही ओळी ५ पिक्सेलच्या आणि काही ६ च्या होतात, आणि पडदा सरकला की चित्र लुकलुकतं. नवीन गेमवाले हा हिशेब आधीच करतात. २०१८चा सेलेस्ट ३२०×१८० वर काढलाय, ६ पट केलं की नेमकं १९२०×१०८०.

साखरपेठ_जॅकार्ड
पण जुन्या प्रत्येक गेमवाल्याने हे प्रमाण धरूनच चित्र काढलं असेल का? आमच्यात तरी सगळे धरायचे नाहीत.

जुळे_सोलापूर
गेममध्येही नाही. काही चित्रं दुसऱ्या मशीनसाठी चौरस घरांवर काढलेली आणि तशीच उचलून आणलेली. अशा वेळी चंद्र, नाणं, घड्याळ असं काही गोल शोधायचं आणि मोजायचं. पण एकाच गेममध्ये चंद्र गोल आणि नाणं चपटं निघतं तेव्हा कोणाला खरं मानायचं, यावर अजून वाद चालतात.

सात_रस्ता
विषय माझा आणि तुम्ही पोहोचलात चादरीपर्यंत. काकांची मेहनत मान्य. पिक्सेलवाले घर-घर बसून काढतात हेही मान्य, तेवढे शब्द मागे घेतो. पण सेल शेडिंगचं नाही पटलं. एक एक्सआरडी दाखवून तुम्ही शंभर आळशी गेम झाकताय. स्टोअर उघडा, कार्टून लूकच्या निम्म्या गेममध्ये तोच विजापूर रोडवाल्याचा नाकाखालचा डाग आहे.

जुळे_सोलापूर
ते गेम वाईटच आहेत, मी कुठे झाकतोय? ते पाच वर्षांत जुने दिसतील, कारण सावली कुठे पडावी हे त्यांच्यात कोणी ठरवलेलंच नाही. तू त्या सगळ्यांवरून स्टाइलला शिव्या देतोस, माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

आणि विजापूर_रोड, तुझं कोणी ऐकून घेतलं नाही म्हणून सांगतो. ब्लेंडरमध्ये चेहऱ्याभोवती एक साधा, गुळगुळीत अंड्याच्या आकाराचा मेश बनव. चेहऱ्यावर Data Transfer मॉडिफायर लावून त्या मेशचे नॉर्मल घे, पण फक्त गाल, कपाळ आणि नाकाखालच्या भागाच्या व्हर्टेक्स ग्रुपपुरते. नाकाला वेगळं ठेव. मग दिवा चेहऱ्याभोवती एक पूर्ण चक्कर फिरव. सावलीची कड न तुटता सरकली पाहिजे.

विजापूर_रोड
आत्ताच करून बघितलं. मिशी गेली! पण दिवा मागून आला की कानापाशी कड उडी मारते. व्हर्टेक्स ग्रुपची सीमा तिथेच संपते म्हणून असेल का?

जुळे_सोलापूर
हो, तेच असणार. सीमेवर वेट एकदम १ वरून ० करू नकोस, दोन-तीन एज लूपमध्ये हळूहळू उतरव. तरी उडी राहिली तर फाइल पाठव.