रोज रात्री तासभर फोन, आणि सगळं तिचंच: ही मैत्री न दुखावता कशी संपवावी?

नलिनी_क: हॉस्टेलपासूनची मैत्रीण आहे. आठवड्यातून चार-पाचदा रात्री साडेनऊला फोन येतो. तिची सासू, तिचा बॉस, तिची तब्येत यावर तास-सव्वा तास जातो. माझं विचारलं तर एक वाक्य, की लगेच पुन्हा तिचं सुरू. फोन ठेवला की डोकं जड होतं. भांडण नकोय, पण हे थांबवायचंय. आमचा सात जणींचा एक ग्रुपही आहे.

सायली_म: आधी एक तपासून बघा. दोनदा तुमची एखादी खरी अडचण स्पष्ट शब्दांत सांगा: "आज मला तुझ्याशी बोलायचंय, दहा मिनिटं ऐक." ती ऐकत असेल, तर एकतर्फीपणा सवयीचा आहे आणि सवय मोडता येते. दोन्ही वेळा विषय तिच्याकडेच वळला, तर पुढचं वाचा.

मैत्री संपवणं म्हणजे दार आपटणं नव्हे, तिला आतल्या वर्तुळातून बाहेरच्या वर्तुळात नेणं. रॉबिन डन्बार हे मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात की माणसाची अगदी जवळची माणसं साधारण 5 असतात, त्याबाहेरचं वर्तुळ 15 चं. तिला पाचातून पंधरात न्यायचंय, एवढंच.

पहिले दोन आठवडे फोन घ्या, पण सुरुवातीलाच सांगा: "माझ्याकडे वीस मिनिटं आहेत." वीस मिनिटं झाली की खरंच ठेवा. पुढचे दोन आठवडे रात्रीचा फोन घेऊच नका. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ओळी लिहा. त्यानंतर आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून एकदा.

बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्याच्या आसपास चुकतात. फोन कमी केले की समोरचीचे फोन आधी वाढतात: सलग पाच मिस्ड कॉल, "रागावलीस का?" सहाव्याला तुम्ही उचलला, की ती एकच गोष्ट शिकते, सहा वेळा करायचा. म्हणून जे ठरवाल ते रोज सारखंच पाळा.

थेट_बोला: मला हे पटत नाही. महिनाभर तिला अंदाज बांधत ठेवायचं? तिला कळतं की काहीतरी बदललंय, कारण मात्र कळत नाही. स्वतःचं काय चुकलं हे शोधत ती झुरते. एक व्हॉईस नोट पाठवा, सगळी कारणं सांगा, ब्लॉक करा. दोन मिनिटांत विषय संपतो.

सायली_म: कारण न कळण्याचा त्रास तुम्ही बरोबर सांगितलात. तेवढ्यापुरतं मी माझं म्हणणं बदलते: तिने विचारलं, तर टाळू नका. पण "सगळी कारणं" नकोत. प्रत्येक कारणावर एक खुलासा येतो आणि त्यातून नवा तासाचा फोन सुरू होतो. तीन वाक्यं पुरतात: "आपल्या बोलण्यात मी बरेच दिवस फक्त ऐकतेय, त्याने मला थकवा येतो. म्हणून रोजचे फोन मी थांबवतेय. तुझ्यावर राग नाही." "कामात आहे" म्हणू नका. ते काम कधी ना कधी संपतं आणि रविवारी तुम्ही टाकलेलं स्टेटस तिला दिसतंच. आणि ब्लॉक केलं तरी सामाईक ग्रुपमध्ये ती दिसत राहते, लिहीतही राहते. मग उरलेल्या पाच जणींना बाजू घ्यावी लागते.

भाऊसाहेब_नगर: माझा चुलतभाऊ तीन वर्षं हातउसने पैसे मागत होता. मी सरळ फोन बंद केला, पण बाकी राहिलेलं परत मिळालं नाही. तुमचंही तसंच असेल तर आधी पैसे वसूल करा.

नलिनी_क: पैशांचा प्रश्न नाही भाऊ. तिच्या दोन साड्या आणि एक इस्त्री माझ्याकडे आहे, एवढंच.

सायली_म: त्या याच आठवड्यात पोचवा, अंतर वाढवायच्या आधी. नंतर पाठवलेली वस्तू निरोपाची चिठ्ठी वाटते.

अनुराधा_वि: मला वेगळीच काळजी आहे. "जगून काय करू" असं ती कधी बोलते का? तसं असेल, तर आठवड्यांचं वेळापत्रक बाजूला ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर द्या. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतूनही बोलता येतं. तिच्या घरच्या एकाला कळवा, म्हणजे तुम्ही एकटाच आधार राहणार नाही. आणि अजून एक: गेल्या काही महिन्यांत तिच्या घरी काही झालं का? आजारपण, नोकरी जाणं? मग हा एकतर्फीपणा तात्पुरता असू शकतो.

नलिनी_क: तसं ती कधी बोललेली नाही. आणि हे चार वर्षं चालू आहे. दहा मिनिटं मागून बघते.

थेट_बोला: बघा. पण तिने विचारेपर्यंत गप्प राहणं मला अजूनही फसवणूकच वाटते.

सायली_म: मला तो तिला दिलेला अवकाश वाटतो. बऱ्याच जणी विचारतच नाहीत, दुसरीकडे फोन लावू लागतात.